‘सांभाळलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

मला दिलेला विषय आहे परदेशी नोकरीसाठी रेझ्युमे. पण रेझ्युमे कसा सजवायचा, फॉन्ट कुठला घ्यायचा, यावर मी बोलणार नाही. मी एकाच रेझ्युमेची गोष्ट सांगणार आहे. माझ्या मामूंच्या मुलीचा तो रेझ्युमे. तिची परवानगी घेऊन आलोय.

ती पुण्यात एका आयटी सेवा कंपनीत सहा वर्षं काम करते. कॅनडातल्या कंपन्यांना अर्ज करायचा होता आणि सोबत तिथल्या कायम वास्तव्याची फाइलही लावायची होती. गेल्या ईदला ती घरी आली आणि लॅपटॉप उघडून म्हणाली, “भाईजान, हे दोन आहेत. कुठला पाठवू?”

पहिला तिने स्वतः लिहिलेला. त्यात होतं: पद असोसिएट. काम काय? तर वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली बँकेच्या प्रोजेक्टमध्ये बॅच जॉबवर ‘वर्क्ड ऑन’. दुसरा एका एजंटने चार हजार रुपये घेऊन लिहून दिलेला. त्यात ती ‘असोसिएट मॅनेजर, टेक्नॉलॉजी’ झाली होती. तिने बँकिंग प्लॅटफॉर्मचं परिवर्तन ‘स्पिअरहेड’ केलं होतं आणि बारा जणांची टीम ‘लीड’ केली होती. मी विचारलं, बारा जण कुठून आले? म्हणाली, “पूर्ण प्रोजेक्टमध्ये बारा होते, मी धरून.”

दोन्ही रेझ्युमे चुकीचे होते. एक कमी सांगत होता, एक जास्त. आपल्याकडे जास्त सांगणाऱ्याला खोटं म्हणतात आणि कमी सांगणाऱ्याला शरीफ म्हणतात. पण समोर बसलेल्या, आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला दोघांकडूनही चुकीचीच माहिती मिळते.

आधी पदाचं बघू. भारतातल्या मोठ्या कंपन्यांत पदाचं नाव ही बहुतेक वेळा पगाराची पायरी असते, कामाचं वर्णन नसतं. ‘असोसिएट’ हा माणूस तीन वर्षांचा असू शकतो, सात वर्षांचाही. काही कंपन्यांत ‘असिस्टंट कन्सल्टंट’ला आठ-दहा वर्षांचा अनुभव असतो, पण परदेशातला वाचणारा ‘असिस्टंट’ हा शब्द बघून त्याला कुणाचा तरी मदतनीस समजतो. ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ ही आपल्याकडे पूर्ण पगाराची कायम नोकरी असते, तिकडे ‘ट्रेनी’ म्हटलं की इंटर्नशिप वाटते आणि तुमचं एक वर्ष हिशेबातून जातं. उलट्या बाजूचं उदाहरण ‘एक्झिक्युटिव्ह’चं. आपल्याकडे सेल्स एक्झिक्युटिव्ह म्हणजे बाइकवर फिरणारा पोरगा. अमेरिकेत नुसतं ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हटलं तर कंपनीच्या वरच्या मजल्यावरचा माणूस डोळ्यांपुढे येतो. आपला पोरगा काहीही खोटं न लिहिता तिथे बढाईखोर ठरतो.

मग नाव बदलायचं का? नाही. रिलीव्हिंग लेटरवर जे पद आहे, ते अक्षर न अक्षर तसंच राहतं. कारण पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले जुन्या कंपनीच्या एचआरला मेल टाकतात आणि एचआर बहुतेक वेळा दोनच गोष्टी सांगतं: पद आणि तारखा. तिथे ‘असोसिएट मॅनेजर’ लिहिलंय आणि उत्तर ‘असोसिएट’ आलं, तर अहवालात विसंगती म्हणून नोंद होते. तुम्ही खरोखर मॅनेजरचं काम करत होता का, हे कुणी विचारत बसत नाही.

म्हणून मूळ पद आधी, आणि त्याच्यापुढे आपण केलेला उलगडा, तो आपलाच आहे हे दिसेल असा. तिच्या रेझ्युमेत आम्ही लिहिलं: असोसिएट, मग रेघ, मग ‘इंटरमीडिएट सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या समकक्ष’. कॅनडात ज्युनिअर, इंटरमीडिएट, सीनिअर अशी भाषा चालते, म्हणून तो शब्द घेतला. ट्रेनीच्या वर्षापुढे फक्त ‘पूर्णवेळ, कायम नोकरी’ एवढं जोडलं. अर्जाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पदासाठी एकच रकाना असेल, तर त्यात मूळ पद टाकायचं आणि उलगडा कामाच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत न्यायचा.

ती म्हणाली, “सहा वर्षं झाली, सीनिअर का नाही?” प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे वर्षं मोजून सीनिअर होतो. तिकडे, निदान मी ज्या मुलाखती दिल्या आणि घेतल्या त्यांत, बघतात ते वेगळं: धूसर प्रश्न हातात दिला तर हा माणूस कुणी रोज न सांगता तो सोडवू शकतो का. मी तिला चार प्रश्न विचारले. डिझाइन कोण ठरवायचं? तुझा कोड कोण तपासायचं? रात्री जॉब पडला तर फोन कुणाला यायचा? आणि कुणाचं अप्रेझल तू लिहिलंस?

तिची उत्तरं अशी होती. मोठं डिझाइन बँकेचा आर्किटेक्ट ठरवायचा, पण गेल्या वर्षभरात ताळमेळाच्या म्हणजे रिकन्सिलिएशनच्या भागाचं डिझाइन तिने केलं आणि त्याने फक्त मंजूर केलं. पहिली चार वर्षं तिचा कोड दुसरे तपासायचे, नंतर तीन नव्या मुलांचा कोड ती तपासू लागली. रात्रीचा फोन तिलाच. अप्रेझल कुणाचंच नाही, सुट्टी मंजूर करणंही नाही. म्हणजे ‘मॅनेजर’ तर नाहीच. सीनिअरच्या उंबरठ्यावर. मी म्हटलं, रेझ्युमेत इंटरमीडिएट लिही आणि अर्ज सीनिअरच्या जागांनाही कर. जागेची पातळी ते ठरवतील, तुझ्या कामाची पातळी तू नीट सांग. यावर माझे काही मित्र माझ्याशी भांडतात, म्हणतात तू मुलांना मागे ठेवतोस. असेल. पण मी स्वतः अठ्ठावीसाव्या वर्षी ‘टीम लीड’ लिहून एका मुलाखतीत बसलो होतो. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, तुमच्या टीममधल्या कुणाचं काम खराब होतं तेव्हा तुम्ही काय केलंत? माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो मान माझा नव्हताच, मी फक्त रोजची मीटिंग घ्यायचो. पुढची चाळीस मिनिटं त्या माझ्या खऱ्या कामाबद्दल विचारत होत्या, पण माझ्यावरचा त्यांचा विश्वास गेला होता, हे मला दिसत होतं.

आता आपल्या भाषेची एक अडचण सांगतो. मी तिला म्हटलं, तू काय करायचीस ते मराठीत सांग. ती म्हणाली, “बॅच सांभाळायचे.” हा ‘सांभाळणं’ शब्द बघा. अम्मी घर सांभाळते, वॉचमन गेट सांभाळतो, मंत्री खातं सांभाळतो. राखण करणं, चालवणं, दुरुस्त करणं, निर्णय घेणं, माणसं हाताळणं, सगळं त्यात बसतं. मराठीत ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते: मेंटेन केलं, ऑपरेट केलं, डिझाइन केलं, मॅनेज केलं की लीड केलं? आपण घाबरलेले असलो तर ‘हँडल्ड’ किंवा ‘वर्क्ड ऑन’ लिहितो, ज्यातून काहीच कळत नाही. एजंट असला तर तो थेट ‘लेड’ लिहितो. ‘इन्चार्ज’चंही तसंच. भारतीय इंग्रजीत तो पदासारखा वापरतात, बाहेरच्याला त्यातून अधिकार किती होते ते समजत नाही.

म्हणून आम्ही ‘सांभाळायचे’ फोडलं. रोज रात्री बॅच सुरू झाली का बघणं, पडली तर कारण शोधून पुन्हा चालवणं: हे ऑपरेट आणि सपोर्ट. ताळमेळाचा भाग नव्याने रचणं: हे डिझाइन आणि डेव्हलप, पुढे ‘आर्किटेक्टच्या मंजुरीने’ हे शब्द. तीन नव्या मुलांना काम वाटून देणं आणि कोड तपासणं: इथे ‘लेड’ न लिहिता ‘तीन डेव्हलपरांच्या कामाचं समन्वयन व कोड रिव्ह्यू, १४ महिने’ असं लिहिलं. माणसं किती आणि किती काळ, हे लिहिलं की क्रियापद फुगवावं लागत नाही.

दुसरी सवय ‘आम्ही’ची. “आम्ही मायग्रेशन केलं.” आपल्या घरांत ‘मी केलं’ म्हणणं बेअदबी वाटतं, मुलींना तर जास्तच. पण मुलाखतीत ‘आम्ही’ ऐकलं की पुढचा प्रश्न येतो, त्यात तुम्ही काय केलं? आणि मग आपण गडबडतो. आमचा उपाय साधा होता. एका वाक्यात टीमचं काम, त्याच्या लगेच पुढे आपला वाटा: बारा जणांच्या टीमने जुन्या सर्व्हरवरून नव्यावर बॅच हलवल्या, त्यांतल्या अठरापैकी पाच माझ्याकडे होत्या. टीमचा मान टीमला राहतो, आपला आपल्याला.

आता त्या रेझ्युमेमधली सगळ्यात चमकदार ओळ. एजंटने लिहिलं होतं की तिने कामाचा वेळ ८९ टक्क्यांनी कमी केला. तिच्या स्वतःच्या रेझ्युमेत ही गोष्ट नव्हतीच! मी विचारलं, हे खरं आहे का? म्हणाली, खरं आहे, रात्रीची ताळमेळाची बॅच सहा तास चालायची, ती चाळीस मिनिटांवर आली. ३६० वरून ४०, म्हणजे ३२० मिनिटं वाचली, ८९ टक्के. हिशेब बरोबर.

मग तिने काय केलं होतं ते सांगितलं. सुमारे दोन कोटी ओळींच्या टेबलमध्ये प्रत्येक व्यवहार संदर्भ क्रमांकाने शोधला जायचा आणि त्या रकान्यावर इंडेक्स नव्हता. म्हणजे पुस्तकाला सूची नाही आणि एक शब्द शोधायला दर वेळी पहिल्या पानापासून वाचत जायचं. शिवाय प्रत्येक ओळ बदलली की लगेच कमिट व्हायचं. तिने इंडेक्स टाकला आणि हजार-हजार ओळींचा गठ्ठा करून कमिट करायला लावलं. हे शोधून काढायला तिला तीन आठवडे लागले. उत्तम काम.

पण मी विचारलं, त्याच महिन्यात आणखी काही बदललं होतं का? ती थांबली. म्हणाली, सर्व्हर बदलला होता. नवं मशीन, जास्त मेमरी. आता ही ८९ टक्के कुणाची? तिने जुने मेल काढले. नशिबाने तिने बदल आधी जुन्या मशीनवरच तपासला होता आणि त्या रात्रीची वेळ मेलमध्ये होती: एक तास दहा मिनिटं. म्हणजे तिच्या कामाने ३६० ची ७० झाली, आणि ७० ची ४० नव्या मशीनने केली. आम्ही लिहिलं: रात्रीच्या बॅचचा वेळ सहा तासांवरून ७० मिनिटांवर आणला, त्याच मशीनवर, इंडेक्स आणि गठ्ठ्याने कमिट वापरून. तिची टक्केवारी ८९ वरून साधारण ८१ वर आली. तिला जरा वाईट वाटलं. पण डेटाबेस जाणणारा माणूस ‘त्याच मशीनवर’ हे शब्द वाचतो तेव्हा त्याला कळतं की हिला मोजता येतं.

हे मेल नसते तर? तर टक्के लिहायचेच नाहीत. ‘इंडेक्स आणि कमिटची पद्धत बदलली, त्यानंतर सर्व्हरही बदलला, दोन्ही मिळून सहा तासांचे चाळीस मिनिटं’ असं लिहिता येतं. आकडा आपला एकट्याचा नसेल तर तो कुणाकुणाचा आहे ते सांगायचं.

आकड्यांतली एक किरकोळ पण नेहमीची चूक जाता जाता सांगतो. लाख-कोटी तिकडे चालत नाही. दोन कोटी म्हणजे वीस मिलियन, दोनशे नाही, दोनही नाही. एजंटच्या रेझ्युमेत ते दोनशे मिलियन झालं होतं. एका शून्याने टेबल दहापट मोठं झालं आणि मुलाखतीत तिला त्याच्या आकाराचेच प्रश्न आले असते. स्वल्पविरामही आपल्या पद्धतीचे दिले तर बाहेरच्याला ते टंकनाची चूक वाटतात.

आता कागद. इथे खेळ गंभीर होतो. नोकरीच्या अर्जात फुगवलं तर फार तर नोकरी जाते. कॅनडाच्या इमिग्रेशनमध्ये महत्त्वाची गोष्ट चुकीची सांगितल्याचं ठरलं, तर पाच वर्षं तुम्ही त्या देशासाठी अपात्र ठरता. आणि तिथे पदाच्या नावापेक्षा कामाचं वर्णन बघतात. त्यांची व्यवसायांची यादी आहे, प्रत्येकाला पाच आकडी क्रमांक. सॉफ्टवेअर डेव्हलपर 21232, सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि डिझायनर 21231, आणि संगणक विभागाचे मॅनेजर 20012. प्रत्येक क्रमांकाखाली मुख्य वर्णन आणि कामांची यादी असते. तुमचं काम मुख्य वर्णनाशी जुळायला हवं आणि यादीतली बरीचशी कामं तुम्ही केलेली असायला हवीत. एजंटचं ‘मॅनेजर’ धरून ती 20012 मध्ये गेली असती. त्या यादीत विभागाचं नियोजन, बजेट, माणसांची भरती अशी कामं. तिने एकही केलं नव्हतं. म्हणजे पद मोठं करून फाइल मजबूत झाली नसती, मोडली असती. आम्ही 21232 घेतला.

त्यासाठी कंपनीचं पत्र लागतं: लेटरहेडवर, सहीसह, पद, तारखा, मुख्य कामं, आठवड्याचे तास, पगार. आपल्याकडे एचआर ठरीव अनुभव पत्र देतं, ज्यात पद, तारखा आणि ‘वर्तणूक चांगली होती’ एवढंच असतं. कामांची यादी द्यायला अनेक एचआर नकार देतात. तिलाही दिला. मग तिच्या थेट मॅनेजरने आपल्या नावाने, हुद्दा आणि संपर्क देऊन पत्र लिहिलं. त्याच्यासोबत तिने एचआरचं पत्र, नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा आणि एचआरने नकार दिल्याचा मेल जोडला, आणि असं का केलं याचं एक पानी स्पष्टीकरण. हे मान्य करायचं की नाही, ते अधिकाऱ्यावर असतं. एक काळजी मात्र घ्या: कामांची यादी सरकारी वेबसाइटवरून जशीच्या तशी उतरवू नका. मॅनेजरने पहिला मसुदा तसाच पाठवला होता. अशी पत्रं अधिकाऱ्याला ओळखू येतात. आम्ही त्याच्या जागी तिच्या बॅचची, डेटाबेसची, रात्रीच्या फोनची भाषा आणली.

आणि हो, ते पत्र, रेझ्युमे आणि लिंक्डइन, तिन्हीत तारखा आणि पद एकच ठेवा. तिच्या लिंक्डइनवर अजून कॉलेजात असतानाचं ‘टेक लीड’ होतं, एका फेस्टचं. ते काढलं.

इथे कोकणातले आणि मराठवाड्यातले बरेच जण बसलेत ज्यांना कॅनडा नाही, सौदी जवळचं आहे. त्यांच्यासाठी एकच. डिप्लोमा केलेल्या मुलाला आपल्याकडे साइटवर सगळे ‘इंजिनिअर साहेब’ म्हणतात, कंपनीच्या कार्डावरही ‘साइट इंजिनिअर’ छापलेलं असतं. सौदीत इंजिनिअर हा शब्द सौदी इंजिनिअर्स कौन्सिलच्या नोंदणीशी बांधलेला आहे, आणि तिथे डिग्री बघतात. कार्डावरचं पद रेझ्युमेत लिहा, ते खरं आहे, पण त्याच्या शेजारीच ‘डिप्लोमा, सिव्हिल’ लिहा. नाहीतर एजंट डिग्रीच्या रकान्यात टिक करून मोकळा होतो आणि विमानाचे पैसे भरून झाल्यावर पोराला कळतं. कॅनडातही ‘इंजिनिअर’ शब्दावर प्रांतांचे नियम आहेत. आल्बर्टाने २०२३ मध्ये सॉफ्टवेअरवाल्यांना त्यातून सूट दिली, पण म्हणून आम्ही तिच्या उलगड्यात ‘डेव्हलपर’च लिहिलं. कमी भांडणाचा शब्द.

तिचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. तीन कंपन्यांकडून मुलाखतीला बोलावणं आलं. एकीत तिला ७० मिनिटांवरून प्रश्न आला: इंडेक्स टाकल्यावर रोजच्या नोंदी घालण्याचा वेग कमी झाला नाही का? झाला होता, थोडा. तिने तेही मोजलं होतं, आणि सांगितलं. फाइल अजून चालू आहे.

चहा मागे ठेवलाय. ज्यांनी आपलं रिलीव्हिंग लेटर आणि रेझ्युमे दोन्ही आणलंय त्यांनी डावीकडच्या टेबलाजवळ या, समोरासमोर ठेवून बघू. नुसता रेझ्युमे आणला असेल तर एचआरचा मेल फोनवर शोधून ठेवा, पदाचं नाव त्यातही असतं.